खेळण्याचं लिस्टिंग: वय, लहान भागांचा इशारा आणि आयएसआयचा दावा कसा लिहावा

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या दुकानांत खेळण्यांचा माल बहुतेक सुरत, इंदूर नाहीतर मुंबईहून येतो. काही थोड्या वस्तू गावातले सुतार आणि कुंभार बनवतात. हाच माल आता मोबाइलवरून राज्यभर विकला जातो. दुकानात गिऱ्हाईक खोकं हातात घेऊन उलटंपालटं करून बघतं. ऑनलाइन त्याच्यासमोर तुम्ही लिहिलेलं आणि तुम्ही काढलेले फोटो एवढंच असतं. म्हणून खोक्यावरच्या तीन गोष्टी लिस्टिंगमध्ये जशाच्या तशा उतरल्या पाहिजेत: वय, लहान भागांचा इशारा आणि प्रमाणपत्र. या तिन्हींचा एकमेकींशी मेळ बसला पाहिजे. तो बसत नसेल तर लिस्टिंग चुकलं आहे, किंवा माल तरी चुकीचा आहे.

उदाहरणासाठी दोन वस्तू घेऊ. पहिली म्हणजे लाकडी बैलगाडी. लांबी 24 सेंटिमीटर, दोन बैल चाकांच्या फळीवर बसवलेले, गाडीची दोन चाकं 60 मिलिमीटर व्यासाची आणि फळीची चार चाकं 28 मिलिमीटरची. चाकं लाकडी खुंट्यांनी अडकवलेली. बैलांच्या गळ्यात प्रत्येकी दोन घुंगरं, पुढे ओढायला 60 सेंटिमीटरची दोरी आणि दोरीच्या टोकाला मणी. दुसरी वस्तू म्हणजे 60 नगांचा प्लास्टिक ठोकळ्यांचा खोका. पहिली गावात बनलेली, दुसरी घाऊक बाजारातून आलेली. दोन्हींवर 3+ लिहिलेलं आहे. एकीवरचं बरोबर आहे, दुसरीवरचं नाही.

आधी ठरवा: हे खेळणं आहे का?

केंद्र सरकारने 25 फेब्रुवारी 2020 ला खेळण्यांचा गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला आणि तो 1 जानेवारी 2021 पासून लागू झाला. 14 वर्षांखालच्या मुलांनी खेळावं म्हणून बनवलेली, किंवा स्पष्टपणे तशाच हेतूची दिसणारी प्रत्येक वस्तू त्यात खेळणं ठरते. वस्तू फक्त खेळण्यासाठीच असली पाहिजे, अशी अट नाही. शोभेची म्हणून आणि खेळायलाही चालणारी वस्तूही त्यात येते.

पोळ्याला पूजेसाठी विकली जाणारी मातीच्या बैलांची साधी जोडी पूजेची वस्तू म्हणून विकता येते. त्याच बैलांना चाकं लावली, दोरी बांधली आणि चटकदार रंग दिला की ते खेळणं झालं. मग वर्णनात ‘फक्त शोपीस, खेळणे नाही’ असं लिहून उपयोग होत नाही, कारण वस्तू आपला हेतू स्वतःच सांगत असते. शोपीस म्हणून लिहायचं, लिस्टिंग मात्र ‘मुलांची खेळणी’ या विभागात टाकायचं आणि शोधशब्दांत ‘बेबी टॉय’ घालायचं, ही पळवाट इतकी सर्रास चालते की तपासणाऱ्याचं लक्ष पहिलं तिकडेच जातं.

आपली बैलगाडी खेळणं आहे. ठोकळ्यांबद्दल तर शंकाच नाही.

वय कसं ठरतं

वय हे मुलाच्या हुशारीचं माप नाही. बरेच पालक 3+ वाचून ‘आमचा सव्वादोन वर्षांचा, पण लई हुशार आहे’ असं म्हणतात आणि खोका घेतात. म्हणून लिस्टिंगमध्ये नुसता आकडा टाकू नका, त्याचं कारणही एका ओळीत लिहा: ‘3 वर्षे आणि पुढे. वयाची ही मर्यादा लहान भागांमुळे सुरक्षिततेसाठी आहे.’ या एका ओळीमुळे चुकीच्या वयाची खरेदी बरीच टळते.

वयोगट ठरवताना चार गोष्टी पाहतात: निर्मात्याने काय लिहिलं आहे आणि ते पटण्यासारखं आहे का, जाहिरात आणि फोटोंत कोणत्या वयाचं मूल दाखवलं आहे, खेळण्याचा आकार, रंग आणि खेळायची रीत कोणत्या वयाच्या मुलाला जमते व आवडते, आणि तशाच प्रकारची खेळणी लोक साधारण कोणत्या वयाला घेतात. निर्मात्याचं लिहिणं ही या चारांपैकी एकच बाब आहे, आणि ते पटण्यासारखं असेल तरच ती धरली जाते.

बैलगाडीची गोम इथेच आहे. ओढत न्यायचं खेळणं म्हणजे नुकतं चालायला लागलेल्या मुलाचं खेळणं. दोरी धरायची, पुढे चालायचं आणि मागून गाडी येते का हे वळून बघायचं, ही गंमत दीड ते तीन वर्षांच्या मुलाची आहे. पाच वर्षांच्या पोराला त्यात फारसं काही वाटत नाही. म्हणून सुताराने चिठ्ठीवर 3+ लिहिलं तरी ती वस्तू तीन वर्षांखालच्या मुलांचीच धरली जाईल, आणि त्या वयाचे कडक नियम तिला लागतील. बाळाचा खुळखुळा, बारा-पंधरा महिन्यांच्या मुलाने मिठीत घ्यायचं मऊ खेळणं, दातांनी चावायची रिंग, मोठ्या खुंट्यांचं साधं कोडं यांचंही असंच आहे. असल्या वस्तूवर 3+ दिसलं की समजावं, बनवणाऱ्याने चाचणी टाळायला वय वर ढकललं आहे.

उलट चूक विक्रेत्याच्या हातून होते. ठोकळ्यांच्या खोक्यावर 3+ आहे, पण शेजारचा विक्रेता तसाच खोका ‘1 ते 5 वर्षे’ म्हणून विकतो आणि त्याचा खप जास्त दिसतो. मग आपणही वय खाली आणायचा मोह होतो. वय खाली आणणं विक्रेत्याच्या अधिकारातच येत नाही. निर्मात्याने 3+ धरून चाचणी करून घेतली आहे, त्यामुळे तीनखालच्या मुलासाठी ती वस्तू तपासलेलीच नाही. विक्रेता फार तर एवढंच करू शकतो: खोक्यावरचं वय पटत नसेल तर माल परत करायचा, नाहीतर निर्मात्याकडून लेखी खुलासा मागायचा.

वय लिहिताना होणाऱ्या तीन चुका विशेष लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. पहिली आकड्याच्या रकान्यातली. विक्रीच्या बऱ्याच संकेतस्थळांवर किमान वय महिन्यांत विचारतात. तिथे घाईत 3 भरलं की वस्तू तीन महिन्यांच्या बाळासाठी ठरते, आणि ‘0 ते 6 महिने’ असं गाळून शोधणाऱ्या आईला तीच समोर दिसते. तिथे 36 लिहायचं असतं. दुसरी चूक फोटोतली. मजकुरात 3+ आणि पहिल्या फोटोत वर्षाचं बाळ ठोकळा हातात धरून बसलेलं, असं असेल तर फोटोच खरी जाहिरात ठरतो. फोटोतलं मूल लेबलवरच्या वयाच्या आतलं नको. शंका असेल तर मुलाचा फोटो घालूच नका, वस्तूशेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा. तिसरी चूक शोधशब्दांतली. ‘1 वर्षाच्या मुलासाठी भेट’ हे शब्द मागच्या रकान्यात घातले तर वरचं 3+ खोटं पडतं. तो रकाना ग्राहकाला दिसत नाही, पण संकेतस्थळ चालवणाऱ्याला आणि तपासणी करणाऱ्याला दिसतो.

लहान भाग म्हणजे नेमकं काय

लहान भाग नजरेच्या अंदाजाने ठरत नाही. त्यासाठी एक ठरलेली नळी आहे. आतला व्यास 31.7 मिलिमीटर, आणि तळ तिरका, म्हणून एका बाजूला खोली 25.4 आणि दुसऱ्या बाजूला 57.1 मिलिमीटर. वस्तू किंवा तिचा सुटा भाग न दाबता, कशाही बाजूने, या नळीत पूर्ण मावला तर तो लहान भाग. टोक जरी बाहेर राहिलं तरी तो लहान भाग नाही. लहान मुलाच्या घशाच्या मापावरून ही नळी ठरवली आहे.

असे मापक विकत मिळतात आणि रोज दहा-वीस वस्तू चढवणाऱ्याने एक घेऊन ठेवावं. ते नसेल तर डिजिटल कॅलिपरने काम भागतं. एखादा भाग 31.7 मिलिमीटरच्या गोल भोकातून जात असेल आणि त्याची लांबी 66 मिलिमीटरपेक्षा कमी असेल, तर त्याला लहान भागच धरा. तिरक्या तळामुळे लांबट भागाचा निकाल प्रत्यक्ष नळीत क्वचित वेगळा येईल, पण तो सुटकेच्या बाजूने येईल. म्हणजे आपली चूक झाली तरी जास्त काळजी घेतल्याचीच होईल. जळगावात पाइपच्या तुकड्यांना तोटा नाही, म्हणून काही जण पीव्हीसी पाइप कापून नळी करतात. पाइपचं माप बाहेरच्या व्यासाने सांगतात आणि आतला व्यास भिंतीच्या जाडीप्रमाणे बदलतो. म्हणून ‘32 चा पाइप’ म्हणजे 32 ची नळी नव्हे. कॅलिपर आत लावूनच खात्री करा.

गोल वस्तूंचं माप वेगळं आहे. चेंडू नळीत मावत नसला तरी घशात घट्ट बसू शकतो, म्हणून चेंडूला 44.5 मिलिमीटरचं भोक लावतात. त्यातून जो चेंडू आपल्या वजनाने पार पडतो तो लहान चेंडू. गोट्या यात सहज येतात. तीन वर्षांखालच्या खेळण्यात लहान चेंडू चालतच नाही, आणि त्यावरच्या वयात इशारा लागतो.

आता ठोकळ्यांचा खोका रिकामा करा. प्रत्येक प्रकारचा एकेक नग वेगळा काढा, सगळे साठ मोजायची गरज नाही. समजा सहा प्रकार निघाले. मोठे चौकोनी ठोकळे 40 मिलिमीटरचे, ते नळीत जात नाहीत. 30 बाय 15 बाय 12 मिलिमीटरचा लहान ठोकळा मावतो. 28 मिलिमीटर व्यासाचं आणि 10 मिलिमीटर जाडीचं चाक मावतं. एकच प्रकार मावला तरी पूर्ण खोक्याला इशारा लागतो. ‘बहुतेक ठोकळे मोठे आहेत’ हे वाक्य इथे चालत नाही.

बैलगाडीत सुटा भाग एकही नाही, सगळं जोडलेलं आहे. म्हणून ती सुटली असं वाटतं, पण वापरात जे निघेल तेही मोजायचं असतं. प्रयोगशाळेत खेळणं पाडतात, भाग पिळतात, ओढतात आणि दाबतात. दीड वर्षाखालच्या मुलांचं खेळणं सुमारे 138 सेंटिमीटरवरून दहा वेळा पाडतात, आणि दीड ते आठ वर्षांच्या मुलांचं सुमारे 93 सेंटिमीटरवरून चार वेळा. ओढायचा जोर साधारण सात किलोच्या वजनाइतका असतो. विक्रेत्याच्या घरच्या चाचणीने प्रमाणपत्र मिळत नाही, पण वाईट माल ओळखायला ती पुरते. फरशीवर कंबरेच्या उंचीवरून चार वेळा पाडा. मग प्रत्येक चाकाला सुतळीचा फास लावून सामान मोजायच्या हँगिंग काट्याने सात किलोपर्यंत सावकाश ओढा. घुंगरांनाही असंच करा.

या बैलगाडीचं 28 मिलिमीटरचं चाक खुंटीसह निघून येतं, आणि तारेने बांधलेलं घुंगरू तर पहिल्या ओढीलाच सुटतं. चाक, खुंटी आणि घुंगरू, तिन्ही नळीत मावतात. वापरायचं वय तीनखाली आणि निघणारे भाग लहान. म्हणजे हा माल विकण्याजोगा नाही. इथे इशाऱ्याची ओळ लिहून सुटका होत नाही. तीनखालच्या खेळण्यात लहान भाग नसावेत असा नियम आहे. ‘लहान भाग आहेत, सांभाळून वापरा’ असं लिहिणं म्हणजे स्वतःच नियम मोडल्याची कबुली देणं.

दुरुस्ती सुताराकडे होते, लिस्टिंगमध्ये नाही. फळीची चाकं 50 मिलिमीटरची करायची म्हणजे निघाली तरी नळीत जाणार नाहीत. खुंटीऐवजी आरपार आस घालून दोन्ही टोकं कायमची बसवायची. घुंगरं काढून टाकायची आणि गळ्यातला पट्टा रंगवायचा. दोरीही बघायला हवी: तीन वर्षांखालच्या मुलांच्या ओढायच्या खेळण्याची दोरी 220 मिलिमीटरपेक्षा लांब असेल तर तिच्या टोकाला फास तयार होईल असा मणी किंवा गुंडी चालत नाही. दोरीचं टोक साधं ठेवायचं नाहीतर दोरी आखूड करायची. घुंगरं गेली की विक्री पडेल, असं सुतार म्हणेल. पडेलही थोडी. पण घुंगरू ठेवून हे खेळणं या वयाला विकायचा मार्ग नाही.

इशारा कुठे आणि कसा

ठोकळ्यांना इशारा लागतोच, कारण वय तीनच्या पुढचं आहे आणि लहान भाग आहेत. मजकूर असा असू द्या:

‘इशारा: 3 वर्षांखालील मुलांसाठी योग्य नाही. लहान भाग आहेत. घशात अडकून गुदमरण्याचा धोका.’

यात कोणासाठी नाही, का नाही आणि काय होऊ शकतं, या तीन गोष्टी आल्या. त्यातली एकही गाळू नका. ‘पालकांच्या देखरेखीखाली वापरा’ ही ओळ वरून जोडायला हरकत नाही, पण ती इशाऱ्याच्या जागी टाकू नका. तिच्यात धोका कोणता ते कळत नाही.

जागाही महत्त्वाची आहे. वर्णनाच्या तळाशी, रंग आणि धुण्याच्या सूचनांनंतर आलेला इशारा मोबाइलवर कोणी वाचत नाही, कारण तिथे ‘आणखी वाचा’ दाबावं लागतं. म्हणून तो ठळक मुद्द्यांच्या यादीत पहिला किंवा दुसरा ठेवा. नुसता फोटोवर छापू नका, मजकुरातही लिहा. फोटोतली अक्षरं छोट्या पडद्यावर फुटतात आणि दृष्टिहीन पालकाच्या फोनला ती वाचून दाखवता येत नाहीत. राज्याबाहेर विकत असाल तर हाच मजकूर हिंदी आणि इंग्रजीतही द्या, आणि खोक्याच्या ज्या बाजूवर इशारा छापला आहे तिचा एक फोटो ठेवा. खोक्यावर आणि लिस्टिंगवर दोन वेगळे इशारे असतील तर खोक्यावरचाच घ्या. खोक्यावर इशारा नसेल आणि नळीत भाग मावत असतील, तर लिस्टिंग थांबवून पुरवठादाराला विचारा.

आयएसआय: आधी तपासा, मग लिहा

खेळण्यांना लागणारं मानक म्हणजे आयएस 9873. त्याचा भाग 1 यांत्रिक व भौतिक सुरक्षेचा, म्हणजे टोकं, कडा, लहान भाग, दोऱ्या. भाग 2 आग पकडण्याबद्दल आणि भाग 3 रंगातून शिशासारखी मूलद्रव्यं झिरपण्याबद्दल. भाग 4 घरच्या झोपाळा-घसरगुंडीचा, भाग 7 बोटांनी रंगवायच्या रंगांचा आणि भाग 9 प्लास्टिक मऊ करणाऱ्या थॅलेटचा. विजेवर किंवा बॅटरीवर चालणाऱ्या खेळण्याला आयएस 15644 लागतं. बॅटरीवर पळणाऱ्या, दिवे लागणाऱ्या मोटारीवर नुसतं 9873 दिसलं तर तिथेच थांबा. ते चिन्ह त्या वस्तूचं नाही.

खरं आयएसआय चिन्ह असं असतं: वर मानकाचा क्रमांक, मध्ये आयएसआयची आकृती आणि खाली CM/L ने सुरू होणारा परवाना क्रमांक. खालचा क्रमांक नसेल तर वरची आकृती बिनकामाची. तपासायची रीत सोपी आहे. भारतीय मानक ब्युरोचं BIS CARE हे ॲप उघडा, Verify Licence Details वर जा आणि CM/L पुढचे आकडे टाका. जे दिसेल त्यात चार गोष्टी जुळवा.

1. निर्मात्याचं नाव आणि कारखान्याचा पत्ता खोक्यावरच्या नाव-पत्त्याशी जुळतो का. परवाना त्या पत्त्यावरच्या कारखान्याला असतो. मालकाचा दुसऱ्या गावचा कारखाना त्यात येत नाही.
2. परवाना आज चालू आहे का. मुदत संपलेला, थांबवलेला किंवा रद्द झालेला परवानाही ॲपमध्ये दिसतो. नुसता क्रमांक सापडला म्हणून खूश होऊ नका.
3. मानक कोणतं आहे. साध्या खेळण्याला 9873, विजेच्याला 15644.
4. या प्रकारचा माल परवान्याच्या कक्षेत आहे का. मऊ खेळण्यांचा परवाना असलेला कारखाना त्याच क्रमांकावर ठोकळे खपवत असेल तर ते ठोकळे परवान्याबाहेरचे आहेत.

घाऊक बाजारात दोन गफलती वारंवार दिसतात. एक म्हणजे R- ने सुरू होणारा क्रमांक दाखवून ‘बीआयएस आहे ना’ म्हणणं. तो क्रमांक इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या नोंदणी योजनेचा असतो, आणि खेळण्यासोबतच्या चार्जरवर तो असू शकतो. चार्जर नोंदलेला असला म्हणजे खेळण्याला परवाना झाला असं नाही. दुसरी म्हणजे सीई किंवा एएसटीएम अशी अक्षरं. ती युरोप आणि अमेरिकेच्या नियमांशी संबंधित आहेत. भारतात विक्रीसाठी त्यांचा उपयोग नाही. परदेशी कारखान्यालाही इथे विकायचं तर ब्युरोचा परवाना आणि आयएसआय चिन्हच लागतं.

कायद्याची आणखी एक बाजू दुकानदारांना ठाऊक नसते. भारतीय मानक ब्युरो कायदा 2016 च्या कलम 17 प्रमाणे, ज्या वस्तूला चिन्ह सक्तीचं आहे ती चिन्हाविना विकणंच नव्हे, तर विक्रीसाठी साठवणं आणि मांडणंही मना आहे. लिस्टिंग म्हणजे मांडणंच झालं. ‘अजून एकही नग विकला नाही’ हे उत्तर पुरत नाही.

लिहायचं कसं? ठोकळ्यांसाठी असं: ‘आयएसआय चिन्हांकित, आयएस 9873 (भाग 1) नुसार. निर्माता परवाना क्रमांक CM/L-’ आणि पुढे खोक्यावरचे आकडे. सोबत चिन्हाचा जवळून काढलेला फोटो, ज्यात आकडे वाचता येतील असा.

‘बीआयएस मान्यताप्राप्त विक्रेता’ लिहू नका. परवाना निर्मात्याला असतो, विक्रेत्याला नाही. ‘सरकारमान्य’, ‘100 टक्के सुरक्षित’ आणि ‘बाळासाठी बिनधास्त’ हे शब्द टाळा. मानक पाळलेली वस्तूही चुकीच्या वयात धोक्याची असते, आणि तसं तुम्हीच वर इशाऱ्यात लिहिलं आहे. ‘विषमुक्त रंग’ किंवा ‘बीपीए नाही’ असं लिहायचं असेल तर त्याच मालाचा, तारीख असलेला चाचणी अहवाल फाइलमध्ये हवा. निर्मात्याच्या जाहिरातीच्या पत्रकावरून तो दावा उतरवू नका. ‘आयएसओ 9001’ हे कारखान्याच्या कामाच्या पद्धतीचं प्रमाणपत्र आहे, खेळण्याच्या सुरक्षेत त्याचा उल्लेख दिशाभूल करतो. प्रयोगशाळेचा अहवाल आणि परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अहवाल एका नमुन्याबद्दल सांगतो, परवाना रोज बनणाऱ्या मालाबद्दल.

गावच्या कारागिराचं काय?

डिसेंबर 2020 मध्ये आदेशात दोन सवलती आल्या. केंद्राच्या वस्त्र मंत्रालयाच्या विकास आयुक्त (हस्तकला) यांच्याकडे नोंदलेल्या कारागिराने बनवलेला आणि विकलेला माल, आणि भौगोलिक मानांकन मिळालेल्या वस्तूंचा नोंदणीधारक किंवा अधिकृत वापरकर्त्याने बनवलेला आणि विकलेला माल, यांना आयएसआयची सक्ती नाही. ‘बनवलेला आणि विकलेला’ हे शब्द नीट वाचा. आपल्या सुताराकडे हस्तकलेचं ओळखपत्र असेल आणि तो स्वतःच्या नावाने विकत असेल, तर तो या सवलतीत बसतो. त्याच्याकडून शंभर नग घेऊन स्वतःच्या ब्रँडच्या खोक्यात विकणाऱ्याने ही सवलत आपली धरू नये. सुताराचं खातं उघडून देऊन लिस्टिंग त्याच्याच नावाने चालवणं हा साधा मार्ग आहे.

सवलत मिळाली म्हणून ‘आयएसआय’ हा शब्द लिस्टिंगमध्ये कुठेही येता कामा नये. लिहायचं ते असं: ‘नोंदणीकृत हस्तकला कारागिराने बनवलेले, गुणवत्ता नियंत्रण आदेशातील सवलतीखाली, आयएसआय चिन्ह नाही.’ आणि सवलत चिन्हापुरतीच आहे. निघणारं घुंगरू घशात अडकायला कागद विचारत नाही. म्हणून वर सांगितलेली दुरुस्ती सवलत असली तरी करायचीच.

कारागिराकडे ओळखपत्रही नाही आणि परवानाही नाही, असं असेल तर ते खेळणं म्हणून चढवता येत नाही. आधी ओळखपत्र काढून घ्या.

भरलेलं लिस्टिंग

ठोकळ्यांचं लिस्टिंग असं दिसेल:

शीर्षक: प्लास्टिक बांधणी ठोकळे, 60 नग, 3 वर्षे आणि पुढे
किमान वय, महिन्यांत: 36
पहिला मुद्दा: इशारा: 3 वर्षांखालील मुलांसाठी योग्य नाही. लहान भाग आहेत. घशात अडकून गुदमरण्याचा धोका.
दुसरा मुद्दा: आयएसआय चिन्हांकित, आयएस 9873 (भाग 1), निर्माता परवाना क्रमांक खोक्यावरचा, पूर्ण.
तिसरा मुद्दा: सर्वात लहान नग 30 × 15 × 12 मिलिमीटर, चाक 28 मिलिमीटर.
फोटो: पूर्ण खोका, सगळे नग मोजपट्टीसह, इशाऱ्याची बाजू, आयएसआय चिन्ह जवळून.

याशिवाय 2011 च्या आवेष्टित वस्तू नियमांप्रमाणे निर्माता, पॅकर किंवा आयातदाराचं नाव व पत्ता, मूळ देश, वस्तूचं सामान्य नाव, नगांची संख्या, सर्व करांसह कमाल किंमत आणि ग्राहक सेवेचा संपर्क लागतो. निर्मितीचा महिना आणि वर्ष ऑनलाइन दिलं नाही तरी चालतं, खोक्यावर मात्र हवंच.

बैलगाडी दुरुस्त झाल्यावर तिचं किमान वय 18 महिने लिहिता येईल आणि लहान भागांचा इशारा लागणार नाही, कारण लहान भागच उरले नाहीत. ‘सावधगिरी म्हणून’ तरीही ‘3 वर्षांखाली नको’ असं जोडू नका. दीड वर्षाचं वय आणि तीनखाली मनाई एकाच पानावर आली की वाचणारा दोन्हींवरचा विश्वास सोडतो.

मुलांच्या सगळ्याच वस्तू मात्र या साच्यात बसत नाहीत. दूध पाजायची बाटली खेळण्यांच्या यादीत चढवू नका. 1992 च्या कायद्याने तिची जाहिरात आणि तिच्यावर सवलत किंवा भेट देणं बंद आहे. ‘दोन घ्या, एक मोफत’ हे त्या बाटलीवर लावलं की कायदा मोडला.

माल बदलला की

घाऊक व्यापारी सांगेल, ‘भाऊ, सेम टु सेम माल आहे, खोका तेवढा बदललाय.’ दर नव्या खेपेतला एक खोका उघडा. परवाना क्रमांक तोच आहे का पाहा, ॲपमध्ये पुन्हा टाका, चाकं आणि सगळ्यात लहान ठोकळा पुन्हा मोजा. क्रमांक बदलला असेल तर लिस्टिंगमधला क्रमांक आणि फोटो दोन्ही बदला. जुना फोटो आणि नवा माल ही जोडी तक्रारीत सगळ्यात आधी पकडली जाते. एखाद्या ग्राहकाने ‘चाक निघालं’ किंवा ‘डोळा सुटला’ असं लिहिलं तर पैसे परत करून विषय संपवू नका. लिस्टिंग त्याच दिवशी बंद करा, परत आलेला नग फेकून न देता खेपेच्या चिठ्ठीसह बाजूला ठेवा, उरलेल्या मालातले पाच नग काट्याने ओढून बघा आणि निर्मात्याला फोटोसह लेखी कळवा. पाचांपैकी एकाचंही चाक निघालं तर त्या खेपेतले विकलेले नगही परत मागवा.